वाइंडिंग मशीनची मोटर: ब्लॉक डायग्रामपासून एका ट्रान्सफर फंक्शनपर्यंत (प्रकल्प नोंदी, ऑगस्ट २०२४)

२ ऑगस्ट, शुक्रवार

धायरीला मामांच्या रिवाइंडिंगच्या दुकानात मागच्या बाजूचं टेबल मिळालं. प्रकल्प असा: कॉइल गुंडाळायच्या छोट्या मशीनला २४ व्होल्टची डीसी मोटर लावायची आणि तारेचा ताण कमी-जास्त झाला तरी तिचा वेग टिकवायचा. मोटर, ड्रायव्हर आणि वेग मोजायला टॅको म्हणून वापरायची दुसरी छोटी मोटर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घेतली. डेटाशीट कशाचीच नाही, म्हणून आकडे आपणच काढायचे.

आज काढलेले आकडे. शाफ्ट पकडून ठेवून थोडा व्होल्टेज दिला, करंट मोजला: आर्मेचरचा रेझिस्टन्स २ ओहम. मोटरचा शाफ्ट ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरून ९५० आरपीएमला फिरवला, तेव्हा तिच्या टर्मिनलवर ५.९७ व्होल्ट आले. ९५० आरपीएम म्हणजे ९९.५ रेडियन प्रति सेकंद, म्हणून मोटरचा स्थिरांक K = ०.०६. हाच K अँपिअरमागे किती न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो तेही सांगतो. रिकाम्या मोटरला १२ व्होल्ट दिले तर ०.३२ अँपिअर घेते, त्यावरून घर्षणाचा B साधारण ०.०००१. जडत्व J ०.०००२, इंडक्टन्स १ मिलिहेन्री.

संध्याकाळी घाईघाईत ब्लॉक डायग्राम काढला. व्होल्टेज आत, मग आर्मेचर `1/(Ls+R)`, मग `K`, मग रोटर `1/(Js+B)`, वेग बाहेर. सरळ रांग, म्हणून नुसता गुणाकार. स्थिर अवस्थेसाठी s शून्य ठेवला तर ०.०६ भागिले (२ × ०.०००१), म्हणजे एका व्होल्टला ३०० रेडियन प्रति सेकंद. २४ व्होल्टला ७२००, म्हणजे ६८ हजारांच्या वर आरपीएम. ही मोटर तेवढी फिरली तर रोटरच्या तारा बाहेर येतील. डायग्राममध्ये काहीतरी राहिलंय, आणि ते छोटं नाही.

४ ऑगस्ट, रविवार

मामांना कागद दाखवला. त्यांना s आणि J कळत नाही असं ते म्हणतात, पण मोटर त्यांच्याइतकी कोणाला कळत नाही. त्यांनी कागद बाजूला ठेवला, मोटर माझ्या हातात दिली.

"फिरव शाफ्ट."

बोटांनी फिरवला, सहज फिरला.

"आता दोन्ही वायरी एकमेकींना टेकव आणि फिरव."

टेकवल्या आणि शाफ्ट एकदम जड झाला. मधात बोट फिरवल्यासारखा. हळू फिरवलं तर फारसं जाणवत नाही, जोरात फिरवायला गेलं की तितकाच जोर उलटा येतो. वायरी सोडल्या की पुन्हा मोकळा.

"फिरणारी मोटर म्हणजे जनरेटर," मामा म्हणाले. "तू तिला चोवीस देतेस, ती फिरायला लागली की आतून आपलेच वीस-बावीस उलटे देते. करंट उरलेल्या दोन-चार व्होल्टचा."

म्हणजे वेगापासून एक वाट मागे येते: वेग गुणिले K, आणि तो दिलेल्या व्होल्टेजमधून वजा. बॅक ईएमएफ. मोटरच्या आत एक फीडबॅक लूप आहे. त्याला वेगळी वायर नाही, म्हणून सर्किट बघून डायग्राम काढताना तो सुटला.

आता लूप बंद करायचा. पुढच्या वाटेचा गुणाकार G, मागच्या वाटेचा H, समिंग पॉइंटला वजा चिन्ह, तर सगळ्याचा एकच ब्लॉक `G/(1+GH)`. हे सूत्र पाठ असूनही मी एकदा ताळ्यासाठी दोन ओळींत काढते, कारण चिन्हाची चूक इथेच होते: एरर म्हणजे आत आलेला सिग्नल वजा H गुणिले बाहेरचा; बाहेरचा म्हणजे G गुणिले एरर; एरर काढून टाकला की खाली एक अधिक GH उरतो. वजा फीडबॅकला खाली अधिक.

```
G = K / ((L s + R)(J s + B)),   H = K

w/V = K / ((L s + R)(J s + B) + K^2)
    = 0.06 / (2e-7 s^2 + 4.001e-4 s + 0.0038)
```

शेवटचा आकडा बघण्यासारखा आहे. ०.००३८ मध्ये RB चा वाटा फक्त ०.०००२, बाकी ०.००३६ हा K चा वर्ग, म्हणजे सगळा बॅक ईएमएफचा. वेग घर्षणामुळे नाही, बॅक ईएमएफमुळे आवरला जातो. आता गेन १५.८ रेडियन प्रति सेकंद, प्रति व्होल्ट. २४ व्होल्टला सुमारे ३६२० आरपीएम यायला हवेत. लगेच मोटर लावली, हातातल्या टॅकोमीटरवर ३६४० दिसले. प्रकल्पातल्या जोडीदाराने आरपीएम वाचले तेव्हा मी टेबलावर हात आपटला.

चिन्ह चुकलं असतं तर? खाली RB वजा K² आला असता, गेन उणे १७.६. नुसता आकडा बघितला तर १५.८ च्या जवळच वाटतो. म्हणून ताळा करताना चिन्हसुद्धा बघायचं.

भाजकाचे पोल −९.५ आणि −१९९१. दुसरा पहिल्यापेक्षा दोनशेपट लांब, तो इंडक्टन्सचा, अर्ध्या मिलिसेकंदात विरून जातो. आपलं काम दहा-वीस मिलिसेकंदांचं आहे. तेव्हा तो सोडला आणि मोटर एका साध्या ब्लॉकवर आणली: `15.8/(0.105 s + 1)`.

८ ऑगस्ट, गुरुवार

गुरुवार, लाईट नाही. दुकान बंद, म्हणून आम्ही दोघं घरी कागद घेऊन बसलो. बाहेरचा लूप आज काढायचा होता.

मांडणी अशी. वेग हवा तेवढा सांगणारा व्होल्टेज, त्यातून टॅकोचा व्होल्टेज वजा. एरर चारपट करणारा ऑप-अँप. मग ड्रायव्हर, तो ० ते ५ व्होल्टचे ० ते २४ करतो, म्हणजे ४.८ पट. मग मोटर. टॅको एका रेडियन प्रति सेकंदाला ०.०२ व्होल्ट देतो, पण त्याच्या कम्यूटेटरमुळे सिग्नलवर सतत रिपल असतो. म्हणून टॅकोनंतर १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्टर, टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंद. फिल्टरनंतर बफर लावलाय. तो नसता तर पुढच्या ऑप-अँपच्या रेझिस्टरने फिल्टरवर भार टाकला असता आणि दोन ब्लॉक गुणायची मुभाच राहिली नसती. ब्लॉक शेजारी शेजारी गुणता येतात ते पुढचा मागच्याला ओढत नाही तोवरच.

पुढची वाट: ४ × ४.८ × १५.७९, म्हणजे `F = 303.2/(0.105 s + 1)`. मागची वाट: `H = 0.02/(0.01 s + 1)`.

दोघांनी वेगवेगळं सोडवलं, मुद्दाम. मी थेट सूत्रात घातलं. वरचा-खालचा भाग H च्या भाजकाने गुणला, तेव्हा तो भाजक अंशात आला:

```
T = 303.2 (0.01 s + 1) / (0.00105 s^2 + 0.115 s + 7.06)
```

जोडीदाराने दुसरी वाट घेतली. आउटपुट जिथून घेतो तो टेक-ऑफ पॉइंट त्याने H च्या पलीकडे सरकवला, म्हणजे फीडबॅकच्या वाटेत काहीच उरत नाही आणि लूप `FH/(1+FH)` होतो. मग खरा वेग मिळवायला बाहेर ५० ने गुणलं, कारण टॅको ०.०२ चा. त्याचं उत्तर:

```
T = 303.2 / (0.00105 s^2 + 0.115 s + 7.06)
```

भाजक अगदी तोच. त्याच्याकडे अंशातला `(0.01 s + 1)` नाही.

"अगं, s शून्य ठेवून बघ," तो म्हणाला. दोन्हींना ३०३.२ भागिले ७.०६, म्हणजे ४२.९. ४ व्होल्टच्या रेफरन्सला १७२ रेडियन प्रति सेकंद, १६४० आरपीएम. शुक्रवारी ज्या ताळ्याने चूक पकडली तो इथे दोघांनाही पास करतोय.

वाद झाला, मिटला नाही. फरक कुठे दिसेल तेवढं काढून ठेवलं. दोन्हींत नैसर्गिक वारंवारता ८२ रेडियन प्रति सेकंद, डॅम्पिंग ०.६७. त्याच्या सूत्राने स्टेपला ६ टक्के ओव्हरशूट, ५१ मिलिसेकंदांवर. माझ्यात −१०० वर झिरो आहे, त्यामुळे १०.५ टक्के, ३६ मिलिसेकंदांवर. एवढा फरक डिजिटल ऑसिलोस्कोपवर, म्हणजे डीएसओवर, दिसायलाच हवा.

१० ऑगस्ट, शनिवार

ऑक्टेव्हवर तपासलं. `feedback` कमांड माझंच सूत्र देते.

```
pkg load control
s = tf('s');
F = 303.2/(0.105*s + 1);
H = 0.02/(0.01*s + 1);
T = feedback(F, H)
step(0.02*T)
```

एक बारीक गोष्ट: `F/(1+F*H)` असं हाताने लिहिलं तर भाजक तिसऱ्या घाताचा येतो, कारण F चा पोल वर आणि खाली दोन्हीकडे राहतो. तो खरा पोल नाही. `minreal` लावला की जातो.

११ ऑगस्ट, रविवार

पहिल्यांदा शून्यापासून थेट ४ व्होल्टची स्टेप दिली. दोघांच्याही सूत्राप्रमाणे वेग २०-४० मिलिसेकंदांत पोचायला हवा, लागले साठच्या वर. हे लवकर सापडलं: सुरुवातीला एरर ४ व्होल्ट, चारपट म्हणजे १६, आणि ड्रायव्हर ५ च्या वर ऐकतच नाही. तेवढा वेळ मोटर २४ व्होल्टवर उघडी धावते, लूप नसल्यासारखी. २४ व्होल्टवर १७२ ला पोचायला किती वेळ लागेल ते काढलं, ६३ मिलिसेकंद आले. त्या वेळात ट्रान्सफर फंक्शनला काही अर्थ नाही, दोघांच्याही.

म्हणून रेफरन्स ३.५ ते ४ व्होल्टमध्ये खालीवर केला, फंक्शन जनरेटरच्या चौकोनी वेव्हने. आता ऑप-अँपचं आउटपुट जास्तीत जास्त ४ व्होल्टपर्यंत जातं, ड्रायव्हरच्या हद्दीत.

डीएसओवर टॅकोचा सिग्नल ३.०० व्होल्टवरून वर गेला, ३.४६ पर्यंत पोचून ३.४३ वर बसला. उडी ०.४३ ची, वर गेला साधारण ०.०२७. सहा टक्क्यांच्या थोडं वर. वेळ पन्नास मिलिसेकंद.

जोडीदाराचं सूत्र.

तो काही बोलला नाही, पण आकडे वहीत त्यानेच लिहिले. मी घरी येऊन सूत्र पुन्हा तीनदा काढलं. तिन्ही वेळा तेच आलं. ऑक्टेव्हही तेच सांगतं. झोपायला एक वाजला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

कॉलेजातून येताना सिंहगड रोडला बस अडकली, नदीकडून ढोलाचा सराव ऐकू येत होता. गणपती जवळ आले. बसमध्ये वही काढून परवाचं सर्किट बघत होते, आणि प्रोब कुठे लावला होता ते दिसलं: फिल्टरच्या नंतर, बफरच्या पायावर. साहजिक होतं. टॅकोच्या थेट पायावर रिपल एवढा असतो की काही वाचता येत नाही, म्हणून आम्ही स्वच्छ सिग्नल बघितला.

पण तो सिग्नल वेग नाही. तो वेग गुणिले H आहे. म्हणजे आम्ही T मोजला नाही, T गुणिले H मोजला:

```
T H = F H / (1 + F H) = 6.06 / (0.00105 s^2 + 0.115 s + 7.06)
```

H चा भाजक अंशातल्या `(0.01 s + 1)` ला कापतो आणि झिरो नाहीसा होतो. हेच जोडीदाराचं सूत्र, फक्त पन्नासपट लहान. त्याने टेक-ऑफ पॉइंट H च्या पलीकडे नेला तेव्हा त्याचं आउटपुट वेग राहिलं नाही, फिल्टर झालेला व्होल्टेज झालं. ते परत वेगावर आणायला ५० ने नाही, `1/H` ने गुणायला हवं होतं, आणि `1/H` म्हणजे `50 (0.01 s + 1)`. स्थिर अवस्थेत ते ५०च, म्हणून ताळा पास. बदलत्या वेगाला मात्र नाही. माप आणि सूत्र एकमेकांशी जुळले, कारण दोन्ही एकाच चुकीच्या जागेवर उभे होते.

दुकानात पोचल्यावर प्रोब फिल्टरच्या आधी, टॅकोच्या टर्मिनलवर लावला. नुसता रिपलचा जाड पट्टा. डीएसओ जनरेटरवर ट्रिगर केला आणि ६४ स्वीपची सरासरी लावली. रिपल दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडतो, म्हणून सरासरीत तो हळूहळू वितळत गेला आणि आतून रेष वर आली: ३.४३ च्या वर ३.४८ पर्यंत, ३७ मिलिसेकंदांच्या जवळ. अकरा टक्के. दुसऱ्या चॅनलवर फिल्टरनंतरचा सिग्नल ठेवला, तो सहा-सातवर, मागून येणारा. एकाच लूपची दोन टोकं एका पडद्यावर.

जोडीदार बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फिल्टर वेगाला उशिरा बघतो. म्हणून वेग आधीच पुढे गेलेला असतो." बरोबर आहे. मला ते झिरो म्हणून दिसत होतं, त्याने ते घडताना सांगितलं.

आता ताळा दोन टोकांनी करायचा असं ठरवलं. s शून्य, म्हणजे सगळं स्थिरावल्यावर. आणि s खूप मोठा, म्हणजे पहिल्या क्षणी. पहिल्या क्षणी फीडबॅक अजून जागा झालेला नसतो, मोटरला फक्त पुढची वाट दिसते, म्हणून T हा F सारखाच दिसला पाहिजे: `303.2/(0.105 s)`. माझ्या सूत्रात s मोठा केला तर ०.०१ भागिले ०.००१०५ होऊन तेच येतं. ५० वाल्यात खाली s चा वर्ग उरतो, म्हणजे मोटर सुरुवातीला आहे त्यापेक्षा सुस्त. ८ तारखेला हे दुसरं टोक बघितलं असतं तर वाद कागदावरच मिटला असता.

१७ ऑगस्ट, शनिवार

मशीनवर खरी तार चढवायच्या आधी मामांनी विचारलं, "ताण आला की वेग किती पडेल?"

T यावर काहीच सांगत नाही. तो रेफरन्सपासून वेगापर्यंतचा आहे. तारेचा ताण रेफरन्समधून येत नाही, तो मोटरच्या आत, टॉर्कच्या समिंग पॉइंटला येतो. सगळं एका ब्लॉकमध्ये गुंडाळलं तेव्हा ती जागाच आत गडप झाली. म्हणून मूळ डायग्रामवर परत जावं लागलं: रेफरन्स शून्य धरायचा, लोड टॉर्क हा इनपुट धरायचा, आणि पुन्हा एकदा लूप बंद करायचा.

सगळा खटाटोप नव्याने नाही. लूप तेच असल्यामुळे भाजक तोच राहतो, बदलते फक्त पुढची वाट. उघड्या मोटरसाठी एका न्यूटन-मीटरला R भागिले (RB + K²), म्हणजे २ भागिले ०.००३८, ५२६ रेडियन प्रति सेकंदाची घट. लूप बंद केला की ती ७.०६ ने भागली जाते, ७४.५ उरते.

मामांच्या मापाने ताण ठरवला. तारेवर १०० ग्रॅमच्या वजनाइतका ताण, फॉर्मरची त्रिज्या २ सेंटिमीटर, म्हणजे ०.०२ न्यूटन-मीटर. लूपशिवाय वेग १०.५ रेडियन प्रति सेकंद पडायला हवा, म्हणजे १०० आरपीएम. लूप लावून दीड, म्हणजे १४ आरपीएम.

आधी टॅकोची वायर काढून मोटरला थेट १०.९ व्होल्ट दिले, तेवढा ताण लावला: १६४० वरून १५३५. मग वायर जोडली, रेफरन्स ४ व्होल्ट, तोच ताण. १६४० वरून १६२५. मामांनी टॅकोमीटर माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचला, मग कपाटातून २८ गेजचं बंडल काढून मशीनवर चढवलं.